घाटातला अर्धा किलोमीटर आणि सायकलची किंमत

माझा भाचा पिरंगुटच्या पलीकडे उरवडे रस्त्यावरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. राहतो आमच्याकडे, भूकुमला. महिन्यातले पंधरा दिवस त्याची दुसरी पाळी असते, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. जाताना बस मिळते. येताना कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून यायचं, नाहीतर शेअर रिक्षा भरायची वाट पाहत फाट्यावर उभं राहायचं. एका बाजूचं अंतर जेमतेम आठ किलोमीटर. त्यासाठी मोटारसायकलचं कर्ज काढायला आपाचा, म्हणजे त्याच्या आईचा, ठाम विरोध होता. मग सायकल घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी त्याने तीस हजार रुपये साठवले. या तिसातूनच गावाकडच्या घराचे पत्रे पावसाळ्याआधी बदलायचे होते. त्याला निदान दहा हजार लागणार होते.

हे सगळं ठरत असताना जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिचा एक टप्पा आमच्या मुळशी आणि मावळ तालुक्यांतून गेला. भाच्याने मोबाइलवर ते सायकलस्वार पाहिले आणि त्याचं मन बदललं. ईदनंतरच्या रविवारी तो मला म्हणाला, "मामू, एक सायकल पाहून ठेवली आहे. वाकड्या हँडलची. अडतीस हजार. तीस आत्ता, आठ हप्त्याने."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. सायकलचा तज्ज्ञ नाही. पण गेली अकरा वर्षं सायकलने घाट ओलांडून शाळेला जातोय आणि त्यात दोन सायकली चुकीच्या घेतल्या आहेत. उर्दूत म्हण आहे, महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार. ती खरी आहे, पण अर्धीच. कामाच्या नसलेल्या गोष्टीला पैसे मोजले की माणूस महाग घेऊनही पुनःपुन्हा रडतो. म्हणून मी त्याला एवढंच म्हटलं, की आधी आपण तीन सायकली शेजारी शेजारी ठेवून पाहू. प्रत्येक सायकलला एकच प्रश्न विचारू. तुझ्या वाटेवरचा सगळ्यात वाईट अर्धा किलोमीटर असतो, तिथे रात्री अकरा वाजता, पावसात, ही सायकल काय करेल?

त्याच्या वाटेवरचा तो अर्धा किलोमीटर पिरंगुटच्या घाटात आहे. भूकुमहून निघालं की चढ, मग उतार, आणि परतताना तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो. सपाट रस्त्यावर कुठलीही सायकल चालते. किंमत घाटात वसूल होते किंवा वाया जाते.

आम्ही पाहिलेली पहिली सायकल साडेनऊ हजारांची होती. पुढे-मागे स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क, एकवीस गिअर, आणि दांड्यावर मोठ्या अक्षरांत अलॉय. दुसरी सतरा हजार आठशेची, सरळ हँडलची, साध्या राखाडी रंगाची, पुढे-मागे एकही स्प्रिंग नसलेली. दुकानदार अशा सायकलीला हायब्रिड म्हणतात. तिसरी भाच्याची अडतीस हजारांची.

फ्रेमपासून सुरुवात केली. मी खिशात फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक घेऊन गेलो होतो. पहिल्या सायकलच्या मधल्या दांड्याला लावलं, तर टक्कन चिकटलं. म्हणजे दांडा लोखंडी, पोलादाचा. मग अलॉय कुठे आहे? चाकांच्या रिमांना लावलं, तिथे चिकटलं नाही. शब्द खरा होता, पण तो रिमांबद्दल होता आणि लिहिला होता दांड्यावर. दुसऱ्या सायकलच्या फ्रेमला चुंबक लागलं नाही, पुढच्या चिमट्याला मात्र चिकटलं. दुकानदाराने स्वतःच सांगितलं, की या किमतीत फ्रेम ॲल्युमिनियमची आणि चिमटा पोलादी असतो. यात वाईट काही नाही. फक्त घेणाऱ्याला ते माहीत असावं.

पोलाद म्हणजे हलकं काम, असंही समजू नये. अब्बांची काळी बावीस इंची सायकल पोलादीच होती, वजन वीस किलोच्या आसपास, आणि ती तीस वर्षं चालली. पोलादाचा एक मोठा गुण असा की ते तुटण्याआधी बहुतेक वेळा वाकतं आणि गावातला वेल्डिंगवाला ते जोडून देऊ शकतो. ॲल्युमिनियमला तसं नाही. त्याला चीर गेली तर साध्या वेल्डिंगने जोडलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी मजबूत होत नाही, कारण कारखान्यात तापवून त्याला जी ताकद दिलेली असते ती वेल्डिंगच्या उष्णतेने तिथे निघून जाते. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे जोड दर महिन्याला फडक्याने पुसून पाहावेत. हँडलखालचा आणि पायडलाजवळचा, हे दोन जोड महत्त्वाचे. रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती पुसून जाते का ते बघायचं. नाही गेली, तर चालवणं थांबवायचं.

मग मुळशीत ॲल्युमिनियमसाठी जास्त पैसे का द्यायचे? दोन कारणं आहेत. पहिलं, पाऊस. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सायकल रोज भिजते. स्वस्त पोलादी नळी बाहेरून रंगवलेली असते, आतून बहुतेकदा उघडी. सीटच्या दांड्याजवळून पाणी आत उतरतं, खाली पायडलाच्या नळीत साचतं आणि फ्रेम आतून गंजत जाते. माझी पहिली सायकल अशीच गेली. बाहेरून चकचकीत, आणि एक दिवस पायडलाजवळ बोटाने दाबलं तर रंगाखालून तपकिरी भुगा आला. पोलादी घ्यायचीच असेल तर पायडलाच्या नळीला खालून पाणी निघायचं बारीक भोक आहे का ते पाहावं आणि सीटचा दांडा वर्षातून दोनदा काढून आत तेल सोडावं.

दुसरं कारण वजन. इथेच माणूस जास्त फसतो, म्हणून मी भाच्याला फुटपाथवर बसवून वहीत हिशेब करायला लावला. त्याचं वजन ६४ किलो. डबा, पाणी, रेनकोट मिळून ४. पहिली सायकल १८ किलो, दुसरी १४, तिसरी ११. चढावर आपण फक्त सायकल ओढत नाही, सगळं मिळून ओढतो. म्हणजे पहिल्या सायकलवर एकूण ८६ किलो, दुसरीवर ८२, तिसरीवर ७९. हळू चढताना वाऱ्याचा अडथळा जवळजवळ नसतो. पायांचा जोर तोच धरला, तर वेळ एकूण वजनाच्या प्रमाणात लागतो.

पहिल्या सायकलवर घाट चढायला बारा मिनिटं लागतात असं धरू. मग दुसरीवर तेहतीस सेकंद वाचतात आणि तिसरीवर साधारण एकोणसाठ. दुसरीपेक्षा तिसरी सव्वीस सेकंद लवकर पोचवते, आणि त्यासाठी वीस हजार दोनशे रुपये जास्त.

"सव्वीस सेकंद?" त्याने पुन्हा भागाकार केला.

शर्यतीत सव्वीस सेकंद फार मोठे असतात. तिथे सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे, कारण कंपन्या एरवी प्रत्येक ग्रॅमच्या मागे लागतील. कामावर जाणाऱ्या माणसाला पाळीच्या वेळेआधी पाच मिनिटं पोचायचं असतं आणि तो तेवढा आधी निघतोच. म्हणून वजनाबद्दलचं माझं मत असं झालं आहे. अठरावरून चौदावर येण्याचे पैसे द्यावेत, कारण चार किलो कमी झाले की सायकल पायऱ्या चढवताना, उचलून ठेवताना, पंक्चर झाल्यावर ढकलताना रोज जाणवतं. चौदावरून अकरावर येण्याचे पैसे आपले नव्हेत. आणि कार्बनच्या फ्रेमचा तर विचारही नको. कारखान्याच्या स्टँडवर सायकली एकमेकींवर पडतात. कार्बनला बसलेला मार वरून दिसेलच असं नाही, आत मात्र तडा असू शकतो.

आता गिअर. भाच्याला वाटत होतं, एकवीस गिअर म्हणजे सोळा गिअरपेक्षा पाचाने चांगली. तिसऱ्या सायकलला सोळा होते. त्यामुळे ती महाग का, हेच त्याला कोडं होतं. मी दुकानदाराकडे खडूचा तुकडा मागितला. त्याच्याकडे नव्हता, माझ्या शर्टाच्या खिशात होता. शिक्षकाच्या खिशात तो असतोच. एका दाताला खडू लावून मोजायला सुरुवात करायची, म्हणजे चुकत नाही.

दुसऱ्या सायकलला पुढे तीन चकत्या होत्या, ४२, ३४ आणि २४ दातांच्या. मागे सात, सगळ्यात लहान १४ दातांची, सगळ्यात मोठी २८ ची. पुढचे दात भागिले मागचे दात केलं, की पायडलाच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते कळतं. चोवीसवरून चौदा म्हणजे १.७१. चौतीसवरून वीस म्हणजे १.७०. बेचाळीसवरून चोवीस म्हणजे १.७५. हे तीन वेगळे गिअर म्हणून मोजले जातात, पण पायाला एकच लागतात. एकवीस हा आकडा असाच फुगलेला असतो. त्यातले कामाचे वेगळे गिअर दहा-बारा भरतील.

म्हणून किती गिअर हे विचारू नये. सगळ्यात हलका गिअर कोणता, हे विचारावं. तो सापडतो पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी घेऊन. दुसऱ्या सायकलवर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल १.९ मीटर पुढे जाते. तिसऱ्या सायकलवर पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची मोठी २८ ची. तिथे एका फेऱ्यात सुमारे २.५५ मीटर. अब्बांच्या बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४, मागे १८. एका फेऱ्यात जवळजवळ ५.४ मीटर.

घाटात साधारण माणूस ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे मिनिटाला ११० मीटर. अब्बांच्या सायकलवर मिनिटाला वीसच फेरे. प्रत्येक फेऱ्याला उभं राहून अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं, आणि मग आपण उतरून चालू लागतो. अब्बाही घाटात चालायचे. शर्यतीच्या सायकलवर त्रेचाळीस फेरे. तरणा माणूस ताज्या पायांनी ते करेल. आठ तास यंत्रासमोर उभा राहिल्यावर त्याचे गुडघे काय म्हणतील, हा प्रश्न आहे. हायब्रिडवर अठ्ठावन्न फेरे. म्हणजे खाली बसून, श्वास न तुटता, पाय फिरते ठेवून चढता येतं. वाचलेले सेकंद कमी असतील, पण उतरावं लागत नाही, आणि रात्री अकराला डंपरच्या रस्त्यावर सायकल हाताने ढकलत चालण्यापेक्षा चालवत राहणं बरं.

शर्यतीची सायकल महाग असून चढाला जड का? कारण तिचे गिअर वरच्या टोकाला आहेत. तिची पुढची मोठी चकती ५० दातांची, मागची लहान ११ ची. मिनिटाला नव्वद फेरे मारले तर ती ताशी पन्नासच्या वर जाते. पौड रस्त्यावर खड्डे, डंपर आणि रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी यांच्यात पन्नासचा वेग कुणाला हवा आहे? हायब्रिडचा सगळ्यात जड गिअर मिनिटाला सत्तर फेऱ्यांत सत्तावीस-अठ्ठावीसचा वेग देतो. आम्हाला तो पुरून उरतो.

गिअरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहिली. साडेनऊ हजारांच्या सायकलवर शिमानोचं नाव होतं, पण ते फक्त गिअर बदलायच्या खटक्यावर. चेन ओढणारा मागचा भाग, म्हणजे डिरेलर, बिननावाच्या पत्र्याचा. बोटाने धरून आडवा हलवला तर डुगडुगला. तो ढिला असेल तर चेन कधी या चकतीवर, कधी त्या चकतीवर उडी मारते, आणि ते नेमकं जोर लावताना, म्हणजे चढावर होतं. दुसऱ्या सायकलवर खटका आणि डिरेलर दोन्ही शिमानोच्या टूर्नी मालिकेतले होते. ही त्यांची सगळ्यात खालच्या किमतीतली मालिका. शर्यतवाले तिच्याकडे बघणारही नाहीत. पण तिचे भाग पुण्यात कुठेही मिळतात आणि गल्लीतला कारागीर ते जुळवतो. रोजच्या सायकलला यापेक्षा वरची मालिका घेऊन गिअर थोडे सफाईने बदलतात, घाट तेवढाच राहतो.

ब्रेकचा विषय मी शेवटी ठेवला, कारण तो सांगताना मला माझं मनगट आठवतं. सात वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, मी पिरंगुटच्या बाजूला उतरत होतो. दुसरी सायकल होती ती, चमकदार पोलादी रिमांची, रबराच्या ब्रेकची. कोरड्या दिवसात तिचे ब्रेक उत्तम लागायचे. त्या दिवशी पुढे एक टेम्पो थांबला, मी दोन्ही ब्रेक हँडलपर्यंत दाबले, आणि सायकल जणू काही झालंच नाही अशी पुढे जात राहिली. गुळगुळीत पोलादावर पाण्याचा थर बसला की रबर त्यावरून घसरतं, धरत नाही. टेम्पोवर आदळू नये म्हणून मी गटारात घातली. तीन आठवडे प्लॅस्टर होतं. फळ्यावर डाव्या हाताने लिहिलेलं माझं अक्षर पाहून पोरांना फार आनंद झाला.

तेव्हापासून मी ब्रेकचं नाव ऐकायच्या आधी रिमला चुंबक लावतो. रबराचे ब्रेक असतील आणि रिमला चुंबक चिकटलं, तर ती सायकल पावसाळी भागासाठी फुकटही घेऊ नये. ॲल्युमिनियमच्या रिमवर तेच रबर ओल्यातही धरतं. फक्त चाकाचे एक-दोन फेरे पाणी पुसण्यात जातात, म्हणून उतारावर ब्रेक आधीपासून हलके टेकवत जावं लागतं.

दुसऱ्या सायकलचे तीन प्रकार दुकानात होते. फ्रेम तीच, ब्रेक वेगळे. रबराचे, ज्याला व्ही-ब्रेक म्हणतात, सोळा हजार तीनशेला. तारेच्या डिस्कचा सतरा हजार आठशेला. तेलाच्या, म्हणजे हायड्रॉलिक डिस्कचा तेवीस हजारांना. इथे मात्र मी भाच्याला दीड हजार जास्त द्यायला सांगितलं. डिस्क चाकाच्या मध्यावर, रस्त्यापासून उंच असते. रिमपर्यंत येणारा लाल चिखल तिथे सहसा पोचत नाही. खड्ड्यात बसून चाक थोडं वाकडं झालं तरी ब्रेक घासत नाही. चिखलातली वाळू रबरात अडकून रिम खरवडते, तेही टळतं. वर्षातले चार महिने असा रस्ता असेल तर दीड हजार योग्य आहेत. हाच माणूस कोरड्या, सपाट भागात राहत असता तर मी व्ही-ब्रेक घ्यायला सांगितलं असतं.

तेलाचे ब्रेक तारेच्या ब्रेकपेक्षा चांगले असतात, यात वाद नाही. कमी जोरात जास्त धरतात. पण नळीत हवा शिरली की दांडी मऊ पडते, आणि ती हवा काढायला योग्य तेल आणि ते काम येणारा माणूस लागतो. आमच्या जवळपासच्या कारागिराकडे दोन्ही नाही. ब्रेक बिघडल्यावर शहरात जाण्यासाठी सुट्टी काढावी लागत असेल, तर तो माणूस ब्रेक ढिला असतानाच चार दिवस सायकल चालवतो. मी माझ्यावरून सांगतो.

मग साडेनऊ हजारांच्या सायकललाही डिस्कच होती, तिचं काय? आम्ही तिघींच्या ब्रेकची एकच परीक्षा घेतली. शेजारी उभं राहून पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा आणि सायकल पुढे ढकलायची. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. पहिलीचं उचललं नाही. पुढचं चाक सरकतच राहिलं आणि प्लॅस्टिकची दांडी वाकून हँडलला टेकली. चाक उचलून फिरवलं तर डिस्क लाटेसारखी डावी-उजवीकडे हलत होती. नुसतं डिस्क हे नाव विकत घेतलं की असं होतं. दुसरीची दांडी धातूची होती, अर्ध्यावर थांबली, चाक उचललं गेलं आणि डिस्क फिरताना सरळ राहिली. घरी आल्यावर मी भाच्याला एक गोष्ट शिकवली. तारेच्या बहुतेक साध्या डिस्क ब्रेकमध्ये बाहेरचाच गुटका हलतो, आतला स्थिर असतो. झीज झाली की आतला गुटका षटकोनी किल्लीने थोडा पुढे घ्यावा लागतो. हे न करता फक्त तार ताणत गेलं, तर डिस्क एका बाजूला वाकत राहते.

पहिल्या सायकलच्या स्प्रिंगांबद्दलही एक वाक्य. त्या डोंगरातल्या शर्यतींच्या सायकलींची नक्कल आहेत. स्वस्त स्प्रिंग दोन-अडीच किलो वाढवतात, चढावर पायाचा जोर खातात आणि दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट होतात. खड्ड्यांसाठी चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर थोडी हवा कमी ठेवून वापरला तर तेवढंच काम होतं. हायब्रिडला तो होता. शर्यतीच्या सायकलला पंचवीसचा होता आणि फ्रेमच्या चिमट्यात त्याहून फार मोठा बसला नसता.

तरीही भाच्याचं मन वाकड्या हँडलवरून निघत नव्हतं. वयच तसं आहे, मी त्याला दोष देत नाही. शेवटी त्यानेच दुकानदाराला विचारलं, "याला कॅरियर कुठे लागेल?" दुकानदाराने मागचा चिमटा दाखवला. कॅरियर आणि मडगार्ड कसायला जी भोकं लागतात, ती तिथे नव्हतीच. शर्यतीत डबा कोण नेतो? पावसात मागच्या चाकाचं पाणी पाठीवर उडणार, आठ तास ओल्या कपड्यात उभं राहायचं, आणि डबा पाठीवर. भाचा गप्प झाला. मग हायब्रिडच्या मागे वाकून त्याने स्वतः भोकं मोजली. दोन्ही बाजूंना दोन-दोन होती.

सायकल सतरा हजार आठशे. कॅरियर, पुढे-मागे पूर्ण लांबीचे मडगार्ड, पुढचा आणि मागचा दिवा, कुलूप मिळून बावीसशे. एकूण वीस हजार. वर घासाघीस करून एक पंप मिळाला. दहा हजार आपाकडे गेले. पत्रे मे महिन्यात बदलले.

माझी एक चूक झाली, तीही सांगतो. चेनवर झाकण आहे का हे मी पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या पँटचा पायचा चेनमध्ये अडकून फाटला. आता तो उजव्या पायाला रबर बँड लावतो, अब्बा क्लिप लावायचे तसा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा त्याची दुसरी पाळी होती. मी जागा होतो. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अंगणात ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज आला. ओली डिस्क पहिल्यांदा धरते तेव्हा असा आवाज येतो, पण धरते. तो आत आला, रेनकोट खुंटीला लावला आणि म्हणाला, "मामू, घाटात एकदाही उतरलो नाही." मग त्याने डबा उघडून उरलेली भाकरी खाल्ली आणि सायकलची चेन पुसायला फडकं मागितलं.